फ्लॅट ८.५ टक्के, ‘रिड्यूसिंग ४.३४’: बडोद्यातल्या एका जुन्या गाडीच्या कर्जाची तपासणी

कागद एकाच पानाचा होता. वर गाडीची माहिती: जीजे-०६ पासिंगची, सहा वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक. खाली कर्जाची: रक्कम ४,००,००० रुपये, मुदत ४८ महिने, व्याज फ्लॅट ८.५ टक्के, हप्ता ११,१६७ रुपये. आणि त्याखाली जाड अक्षरांत, ‘इफेक्टिव्ह रिड्यूसिंग रेट फक्त ४.३४ टक्के’.

गाडी घेणारा माझा भाचा. राहायला मांजलपूरला, नोकरी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत. सौदा ५,२५,००० ला ठरला होता, त्यातले सव्वा लाख त्याच्याजवळ होते आणि ११,००० चं टोकन देऊन झालं होतं. कर्ज एका फायनान्स कंपनीचं, पण तिचा माणूस कधी समोर आला नव्हता. सगळं बोलणं गाडीचा दलालच करत होता. मी रावपुऱ्यात एका कर सल्लागाराकडे हिशेब बघतो, म्हणून घरातले असले कागद फिरत फिरत माझ्याकडे येतात.

“मामा, बँक साडेअकरा सांगतेय,” भाचा म्हणाला. “हा साडेआठ सांगतोय आणि वर म्हणतो, खरं व्याज सव्वाचारच्या आसपासच पडतं. मग बँकेच्या फेऱ्या कशाला मारायच्या?”

प्रश्न रास्त होता. एका बाजूला साडेअकरा, दुसऱ्या बाजूला साडेआठ, आणि त्याखाली सव्वाचार. कागदावर नुसती नजर टाकली तर बँकेत जाणारा माणूस वेडाच ठरेल.

आधी एक साधी गोष्ट

फ्लॅट दराने व्याज काढताना सुरुवातीची पूर्ण रक्कम शेवटच्या दिवसापर्यंत आपल्याकडेच आहे असं धरतात. चार लाखांवर साडेआठ टक्के म्हणजे वर्षाला ३४,०००. चार वर्षांचे १,३६,०००. हे मुद्दलात मिळवून ५,३६,००० झाले, त्याला ४८ ने भागलं की हप्ता आला ११,१६७. कागदावरचा हप्ता या हिशेबाशी बरोबर जुळत होता, म्हणजे फ्लॅटचा आकडा खरा होता. खोट असली तर दुसऱ्या आकड्यात.

प्रत्यक्षात चार लाख आपल्याकडे फक्त पहिला महिनाभर असतात. पहिल्या हप्त्याबरोबर थोडं मुद्दल परत जातं, दुसऱ्याबरोबर आणखी थोडं, आणि शेवटच्या वर्षात तर सव्वा लाख रुपयेही आपल्याकडे उरलेले नसतात. तरी व्याज मात्र पूर्ण चार लाखांचं, पूर्ण चार वर्षांचं. जेवढे पैसे वापरले त्याहून जास्त पैशांचं व्याज दिलं, तर वापरलेल्या पैशांवरचा दर साडेआठच्या वरच जाणार. हप्ते पुढच्याच महिन्यापासून आणि दरमहा सारखे असतील, तर घटत्या शिलकीवरचा, म्हणजेच रिड्यूसिंग दर फ्लॅटपेक्षा कमी येऊच शकत नाही. मग कंपनी कुठलीही असो, योजना कुठलीही असो. म्हणजे कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधीच कागदावरची जाड ओळ चुकीची आहे हे नक्की होतं. किती चुकीची, एवढंच काढायचं राहिलं होतं.

कागदाने स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष

भाच्याला मी दराचं काही समजावत बसलो नाही. मोबाइलवर कुठलाही ईएमआय कॅल्क्युलेटर उघड म्हटलं. हे कॅल्क्युलेटर घटत्या शिलकीवरच चालतात. रक्कम चार लाख, महिने ४८, दर ४.३४ टाक आणि काय हप्ता येतो ते सांग.

आला ९,०९३ रुपये. आणि कागदावर ११,१६७.

दर महिन्याला २,०७४ रुपयांचा फरक, चार वर्षांत जवळजवळ एक लाखाचा. रिड्यूसिंग दर खरोखर ४.३४ असता तर पूर्ण मुदतीचं व्याज ३६,५०० च्या आसपास झालं असतं, आणि कागदावर होतं १,३६,०००. दोन्ही आकडे एकाच कर्जाचे असू शकत नाहीत. हप्ता तर बँक खात्यातून कापला जाणार आहे, तो खरा. त्यामुळे खोटा कोणता ते वेगळं सांगावं लागलं नाही.

“आता उलटं कर,” मी म्हटलं. “हप्ता ११,१६७ यायला दर किती टाकावा लागतो ते शोध.” त्याने १२ टाकून पाहिले, हप्ता कमीच येत होता. १५ टाकल्यावर ११,१३२ आला. १५.२ टाकल्यावर ११,१७३. म्हणजे खरा दर या दोघांच्या मधे. संगणकावर एक्सेल किंवा गूगल शीट असेल तर अशी चाचपणी करावी लागत नाही, एका ओळीत उत्तर मिळतं:

```
=RATE(48,-11167,400000)*12
```

यात पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता आणि तिसरा कर्जाची रक्कम. हप्ता आपल्याकडून जातो म्हणून त्याला उणे चिन्ह. ते विसरलं तर शीट चूक दाखवते आणि माणूस तिथेच सोडून देतो. शेवटी १२ ने गुणायचं, कारण हे सूत्र महिन्याचा दर देतं. टक्केवारीत उत्तर आलं १५.१७.

साडेआठ फ्लॅट म्हणजे इथे सव्वापंधराला टेकलेला दर. तीन ते पाच वर्षांच्या कर्जात फ्लॅटच्या साधारण पावणेदोन ते एक पूर्णांक आठ-नऊ पट रिड्यूसिंग दर येतो. दुकानात उभ्या उभ्या अंदाज बांधायला एवढं चालतं, पण सही करण्यापूर्वी वरचं सूत्र वापरावं, कारण ही पट मुदत आणि दर बदलला की बदलते.

४.३४ आला कुठून

मला हा आकडा छळत होता. कोणी हवेतून आकडा काढला तर तो चार किंवा साडेचार काढतो, ४.३४ काढत नाही. शनिवारी भाच्याबरोबर दलालाकडे गेलो तेव्हा त्याने स्वतःच सांगून टाकलं. माणूस बोलायला गोड, चहा पाजल्याशिवाय कागदाला हात लावू देईना.

“भाई, दर महिने मुद्दल घटे छे, एटले व्याज पण अडधुं ज पडे,” तो म्हणाला. मुद्दल दर महिन्याला घटतं, म्हणून व्याजही निम्मंच पडतं म्हणे.

आणि त्याने एक तक्ता काढून पुढे ठेवला. दर महिन्याला ८,३३३ मुद्दल आणि २,८३३ व्याज, अशा ४८ सारख्या ओळी. शेवटच्या रकान्यात शिल्लक चार लाखांवरून उतरत उतरत ८,३३३ वर. त्या रकान्याची सरासरी काढली तर २,०४,१६७ येते, म्हणजे चार लाखांच्या ५१ टक्के. साडेआठला त्याच ५१ टक्क्यांनी गुणलं की ४.३४. आकडा इथून आला होता.

तर्क ऐकायला पटतो. सरासरी निम्मंच कर्ज डोक्यावर असेल, तर व्याजही निम्मंच पडणार, नाही का? निम्मं पडलं असतं, जर व्याज उरलेल्या शिलकीवर आकारलं असतं. पण इथे व्याज पूर्ण रकमेवर आधीच आकारून झालंय. वर्षाचे ३४,००० ठरलेले आहेत, ते कमी होत नाहीत. मग दर काढायचा तर ३४,००० ला सरासरी शिलकीने भागायला हवं. ३४,००० भागिले २,०४,१६७ म्हणजे १६.६५ टक्के. जिथे भागायचं तिथे त्याने गुणलं होतं, आणि दुप्पट व्हायचा दर निम्मा झाला होता.

चौकस वाचक विचारेल की मघाशी १५.१७ आणि आता १६.६५ कसे. त्याचं कारण तोच तक्ता. त्यात मुद्दल दर महिन्याला सारखं फिटताना दाखवलंय. खऱ्या घटत्या हिशेबात सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो आणि मुद्दल सावकाश उतरतं, त्यामुळे सरासरी शिल्लक जरा जास्त, सव्वादोन लाखांच्या थोडी खाली राहते. तिने भागलं की १५.१७ च येतात. १६.६५ हा कच्चा अंदाज, १५.१७ हा पक्का हिशेब.

दलाल मुद्दाम फसवत होता असं मला वाटलं नाही. त्याला हा तक्ता वरून कोणीतरी पाठवला होता आणि तो वर्षानुवर्षं तेच गणित लोकांना सांगत आला होता. पण गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारे पैसे त्याच्या हेतूवर ठरत नाहीत.

तक्त्याची शेवटची ओळ

समान वाटणीचा असा तक्ता पुढे आला तर फक्त पहिली ओळ बघून भागत नाही. पहिल्या ओळीत चार लाखांवर २,८३३ व्याज, म्हणजे वर्षाला बरोबर साडेआठ टक्के. सगळं कसं छान दिसतं! लोक तिथेच थांबतात. मी भाच्याला शेवटची ओळ वाचायला सांगितली. शिल्लक ८,३३३ आणि व्याज २,८३३. आठ हजारांवर एका महिन्याचं व्याज पावणेतीन हजारांच्या वर, म्हणजे महिन्याला ३४ टक्के. असा दर कुठलीही फायनान्स कंपनी लावत नाही. तेव्हा हा कंपनीच्या खात्याचा तक्ता नव्हेच, फक्त हप्त्याची दोन भागांत केलेली सोयीची वाटणी आहे, एवढं त्या एका ओळीतून उघड होतं.

खऱ्या तक्त्यात पहिल्या ओळीचं व्याज ५,०५७ आणि मुद्दल फक्त ६,११० असायला हवं. दुसऱ्या ओळीत शिल्लक ३,९३,८९० आणि व्याज ४,९७९. कुठल्याही ओळीचं व्याज तिच्या सुरुवातीच्या शिलकीने भागून १२ ने गुणलं तर प्रत्येक ठिकाणी १५.१७ टक्केच यायला हवेत. पहिल्या ओळीत कधी कधी महिन्याहून जास्तीच्या किंवा कमी दिवसांचं व्याज मिसळलेलं असतं, म्हणून मी नेहमी मधली एखादी आणि शेवटची अशा दोन ओळी तपासतो.

या वाटणीने काय बिघडतं, हे कर्ज मधेच फेडायची वेळ आली की कळतं. दलालाच्या तक्त्याप्रमाणे दोन वर्षांनी बरोबर दोन लाख उरतात. कंपनीच्या घटत्या हिशेबाने उरतात २,२९,९०० च्या आसपास, कारण तोवर भरलेल्या २,६८,००० पैकी जवळजवळ ९८,००० व्याजातच गेलेले असतात. एकूण व्याजापैकी ७२ टक्के पहिल्या अर्ध्या मुदतीत. बोनस मिळाल्यावर कर्ज मिटवायचा भाच्याचा विचार होता. दोन लाख घेऊन गेला असता आणि तीस हजार कमी पडले असते. वर मुदतपूर्व फेडीचा आकार असेल तर तो वेगळाच. वाहनकर्ज बहुधा स्थिर दराचं असतं आणि त्यावर असा आकार लागू शकतो, म्हणून तो किती हे आधीच विचारून ठेवायचं.

कंपनीचा स्वतःचा कागद

दलालाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याच्याकडे एकच मागणी केली: फायनान्स कंपनीचं की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचा दर, आकार आणि अटी लिहिलेला तिचा स्वतःचा कागद, आणा.

रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ ला परिपत्रक काढून हे स्टेटमेंट सर्व किरकोळ कर्जांना लागू केलं, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना ते द्यावंच लागतं. बँकेला आणि एनबीएफसीला, म्हणजे अशा फायनान्स कंपनीला, नियम सारखाच. करारावर सही होण्यापूर्वी, कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते द्यायचं, समजावून सांगायचं आणि समजल्याची नोंद घ्यायची. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जात ते दिल्यापासून किमान तीन कामकाजाचे दिवस त्यातल्या अटी कंपनीला बदलता येत नाहीत, म्हणजे कर्जदाराला विचार करायला तेवढा वेळ मिळतो. ‘आजच सही करा, उद्या दर वाढेल’ या घाईला यापुढे फारसा अर्थ उरत नाही. त्यात एपीआर, म्हणजे सगळे आकार धरून येणारा वार्षिक दर, लिहायचा असतो, आणि सोबत परतफेडीचा पूर्ण तक्ता जोडायचा असतो. स्टेटमेंटमध्ये नसलेला कुठलाही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

दलालाने आधी टाळलं. “ए तो लोन पास थया पछी मळशे.” कर्ज मंजूर झाल्यावर मिळेल म्हणे. पण सहीच्या आधीच हवं हे ठाम सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आलं.

त्यात व्याजदर लिहिला होता १५.१७ टक्के. फ्लॅट हा शब्द कुठेच नव्हता, आणि ४.३४ तर नव्हताच. एकाच कर्जाबद्दल दलालाचा कागद एक सांगत होता, कंपनीचा दुसरं. सही कंपनीच्या कागदावर होते, त्यामुळे पुढे वाद झाला असता तर दलालाच्या पानाची किंमत शून्य.

एपीआर दिला होता १७.०० टक्के. हाही तपासला, आणि इथे एक वेगळीच गोष्ट सापडली. रोखीने हातात किती येणार असं विचारल्यावर उत्तर मिळालं होतं ३,८२,०००. चार लाखांतून १८,००० आधीच कापले जाणार होते: प्रोसेसिंग फी ८,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटीचे १,४४०, कागदपत्रं आणि स्टॅम्पचे ३,५६०, आणि कर्जसुरक्षा विम्याचे ५,०००. हप्ता मात्र पूर्ण चार लाखांवरचा. एपीआर काढताना सूत्र तेच, फक्त तिसऱ्या जागी हातात पडणारी रक्कम घालायची:

```
=RATE(48,-11167,382000)*12
```

उत्तर आलं १७.७३ टक्के. स्टेटमेंटवर १७.०० का? मग ३,८२,००० ऐवजी ३,८७,००० घालून पाहिले, तर बरोबर १७.०० आले. म्हणजे विम्याचे ५,००० कंपनीने एपीआरमध्ये धरलेच नव्हते. परिपत्रक सांगतं की कंपनी विमा किंवा कायदेशीर कामाचे पैसे दुसऱ्या कोणासाठी प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वसूल करत असेल, तर तेही एपीआरचा भाग असतात, वेगळे दाखवावे लागतात आणि त्यांची पावती द्यावी लागते. हे ईमेलवर लिहून विचारल्यावर कंपनीकडून दुसऱ्याच दिवशी फोन आला: विमा ऐच्छिक आहे, नको असेल तर काढून टाकतो. न विचारता जोडलेला विमा विचारल्याबरोबर ऐच्छिक झाला. माझ्या अनुभवात हे असंच होतं.

सूत्राची एक मर्यादा इथेच सांगून ठेवतो. पहिला हप्ता महिन्याने सुरू होतो असं ते धरतं. काही दलाल पहिला हप्ता कर्ज देतानाच आगाऊ घेतात, विशेषतः दुचाकीच्या कर्जात. तसं असेल तर सूत्राच्या शेवटी दोन आकडे जोडायचे:

```
=RATE(48,-11167,400000,0,1)*12
```

आपल्याच कर्जात आगाऊ हप्ता घेतला असता तर दुसरं काहीही न बदलता १५.१७ चे १५.९० झाले असते.

मग बँकेचे साडेअकरा?

आता दोन्ही कर्जं एकाच मापाने मोजता येत होती. राष्ट्रीयीकृत बँकेचा दर ११.५ टक्के, तोही घटत्या शिलकीवर. चार लाखांवर ४८ महिन्यांना हप्ता १०,४३६. एकूण व्याज जवळजवळ १,०१,०००, म्हणजे दलालाच्या कर्जापेक्षा ३५,००० ने कमी. प्रोसेसिंग फी जीएसटीसह ४,७२०, ती धरून एपीआर सव्वाबाराच्या आत. एकीकडे १२.१, दुसरीकडे १७.७. कागदावर साडेआठ आणि साडेअकरा असे दिसत होते तेव्हा स्वस्त वाटलेलं कर्ज साडेपाच टक्क्यांनी महाग निघालं.

भाच्याने हा हिशेब दलालाला दाखवला. त्याने दर लगेच साडेसात फ्लॅट केला. एक टक्का उतरवला म्हणजे फार मोठी सवलत, असा त्याचा आविर्भाव. साडेसात फ्लॅटचा हप्ता १०,८३३, आणि रिड्यूसिंग दर १३.५. तरी बँकेच्या वर. मी उलटा हिशेब करून सांगितलं की बँकेशी बरोबरी करायची तर फ्लॅट ६.३१ द्यावा लागेल, आणि तोही फी न धरता. फ्लॅटमधल्या एका टक्क्याला रिड्यूसिंगमधले जवळजवळ पावणेदोन टक्के मोजावे लागतात, हे अशा घासाघिशीत लक्षात ठेवलेलं बरं. दलाल फ्लॅटमध्येच बोलणार असेल तर आपणही बँकेचा दर फ्लॅटमध्ये बदलून त्याच्यासमोर ठेवायचा, म्हणजे बोलणं एका भाषेत होतं. ६.३१ ऐकून त्याने कागद दुमडून खणात ठेवला.

बँकेची बाजू मात्र पूर्ण गुळगुळीत नव्हती. तिथल्या मूल्यांकन करणाऱ्याने गाडीची किंमत सौद्यापेक्षा कमी धरली आणि चार लाखांऐवजी ३,८०,००० मंजूर झाले. फी वजा जाता हातात ३,७५,२८०. म्हणजे २४,७२० स्वतःच्या खिशातून जास्त घालायचे. भाचा नाराज झाला, “यापेक्षा दलालच बरा, तो पूर्ण चार लाख देत होता.” पण तो पूर्ण देत नव्हता, त्याचेही १८,००० कापलेच जाणार होते. खरा फरक ६,७२० रुपयांचा, आणि त्याच्या बदल्यात हप्ता ११,१६७ चा ९,९१४ वर आला. ताईने आपली आवर्ती ठेव मोडून वरचे २४,७२० दिले.

वेळही गेला. गाडी विकणाऱ्याने टोकनची मुदत दोनदा वाढवून दिली म्हणून निभावलं. त्याच्या दारात दुसरं गिऱ्हाईक उभं असतं, तर ११,००० चं टोकन आणि दलालाचं झटपट कर्ज यांतलं काय सोडायचं हा हिशेब वेगळा झाला असता. तरी ३५,००० च्या फरकापुढे ११,००० सोडणंच परवडलं असतं असं माझं मत.

बँकेचं स्टेटमेंट आल्यावर तीच तपासणी तिथेही केली. तक्त्याच्या पहिल्या ओळीत व्याज ३,६४२, मुद्दल ६,२७२. ३,६४२ ला १२ ने गुणून ३,८०,००० ने भागलं, साडेअकरा आले. शेवटच्या ओळीत शिल्लक ९,८२० आणि व्याज ९४ रुपये, तिथेही साडेअकराच. कापल्या जाणाऱ्या रकमेत फीशिवाय काही नव्हतं, विम्याची ओळ कोरी होती. मुदतपूर्व फेडीचा आकार किती ते त्याच कागदावर लिहिलेलं होतं, त्यावर भाच्याने पेनाने खूण केली आणि सही केली.